आठ देणाऱ्याचं काय होतं?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं आणि खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडला, की थोड्याच वेळात भोर तालुक्यातलं शिवरे लागतं. हा सगळा पट्टा हॉटेलांचा. राजगडाला निघालेली पोरं, नसरापूरच्या बनेश्वराला किंवा केतकावळ्याच्या बालाजीला निघालेली कुटुंबं, मुंबईहून कोल्हापूर-गोव्याकडे चाललेल्या लक्झरी, सगळ्यांनाच या रस्त्यावर कुठेतरी भूक लागते. पिठलं-भाकरी, भरीत, ठेचा, मटण थाळी असे फलक इतके दाटीने उभे असतात की नेमकं कुठे थांबायचं हे माणूस फलक वाचून ठरवतच नाही. कुणीतरी आधी सांगितलेलं असतं, ‘अमुक ठिकाणी थांबा, भाकरी गरम मिळते,’ आणि गाडी तिकडे वळते.

म्हणून या प्रकरणासाठी मी शिवऱ्याजवळ एक हॉटेल बांधलं आहे. कागदावरच. पंधरा टेबलं, मागे चुलीवर भाकऱ्या थापणाऱ्या बायका, पुढे गल्ल्यावर मालक. आकडेही मीच मांडले आहेत, कारण खरा हिशेब इतका सोयीने भागत नाही. बिलाबरोबर गिऱ्हाइकाला एक चिठ्ठी दिली जाते. तिच्यावर एकच प्रश्न: ‘या रस्त्याने जाणाऱ्या तुमच्या मित्राला, पाहुण्याला आमच्याकडे जेवायला थांबा असं तुम्ही कितपत सांगाल?’ खाली शून्यापासून दहापर्यंत अकरा चौकटी. त्याखाली एक मोकळी ओळ: ‘असं का?’

या एका प्रश्नामागे अमेरिकेतला एक सल्लागार आहे. फ्रेड राइकहेल्ड हा ‘बेन अँड कंपनी’ या सल्लागार कंपनीतला माणूस. एंटरप्राइझ या भाड्याने मोटारी देणाऱ्या कंपनीचे प्रमुख अँडी टेलर यांच्याकडून त्याने एक गोष्ट ऐकली. त्यांच्याकडे गिऱ्हाइकाला लांबलचक प्रश्नावली देत नसत. मोजके दोन प्रश्न विचारत, आणि हिशेबात फक्त सगळ्यांत वरचा गुण देणाऱ्यांनाच धरत. ‘बरं होतं’ म्हणणाऱ्याला त्यांच्या लेखी किंमतच नव्हती. राइकहेल्डला ही कल्पना भावली. वेगवेगळ्या धंद्यांतल्या गिऱ्हाइकांची उत्तरं आणि त्यांची नंतरची प्रत्यक्ष खरेदी त्याने जुळवून पाहिली. ‘समाधानी आहात का?’ या प्रश्नापेक्षा ‘दुसऱ्याला सांगाल का?’ हा प्रश्न बहुतेक धंद्यांत जास्त बोलका निघाला, असं त्याचं म्हणणं. डिसेंबर २००३ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त त्याचा लेख आला आणि ‘नेट प्रमोटर स्कोअर’ हे नाव जगभर झालं. लघुरूप एनपीएस. आपल्याकडे हे अक्षरत्रय उच्चारलं की सरकारी नोकराच्या कपाळाला आठी पडते आणि त्याला जुनी पेन्शन आठवते, म्हणून मी इथे नुसतं ‘निव्वळ गुण’ म्हणणार आहे.

राइकहेल्डने अकरा चौकटींचे तीन गट केले. नऊ किंवा दहा देणारा प्रमोटर. सात किंवा आठ देणारा पॅसिव्ह. शून्यापासून सहापर्यंत काहीही देणारा डिट्रॅक्टर. मराठीत म्हणायचं तर गोडवे गाणारे, काठावरचे आणि नावं ठेवणारे. गोडवे गाणाऱ्यांची टक्केवारी काढायची, तिच्यातून नावं ठेवणाऱ्यांची टक्केवारी वजा करायची. उरेल तो निव्वळ गुण. सगळेच गोडवे गाणारे असतील तर +१००, सगळेच नावं ठेवणारे असतील तर −१००. बाकी सगळं या दोहोंच्या मध्ये.

आता शनिवार-रविवारच्या चिठ्ठ्या मोजू. एकूण ५०. दहा देणारे ९, नऊ देणारे ७, आठ देणारे १३, सात देणारे ९, सहा देणारे ४, पाच देणारे ३, तीन देणारे २, एक देणारा १ आणि शून्य देणारे २. चार आणि दोन कुणीच दिलेले नाहीत.

गोडवे गाणारे ९ आणि ७ मिळून १६, म्हणजे ३२ टक्के. नावं ठेवणारे ४, ३, २, १ आणि २ मिळून १२, म्हणजे २४ टक्के. काठावरचे २२, म्हणजे ४४ टक्के. ३२ वजा २४, निव्वळ गुण +८. हा आकडा ‘८ टक्के’ असा लिहू नये. तसं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, शंभरातल्या आठच जणांना जेवण आवडलं. तो दोन टक्केवारींमधला फरक आहे, म्हणून अधिक-उण्याचं चिन्ह लावून नुसता आकडा लिहायचा.

मालक हा आकडा ऐकून नाराज होणार, हे उघड आहे. त्याने घरी बसून सरळ सरासरी काढली होती: सगळे गुण मिळून ३६६, भागिले ५०, म्हणजे दहापैकी ७.३. ‘फर्स्ट क्लासच्या वर आहोत की!’ आणि इथे कुणीतरी त्याला सांगतंय, +८.

दोन्ही हिशेब बरोबर आहेत. फरक पडतो तो आठ देणाऱ्यांमुळे. सरासरीत त्यांचे तेरा आठ मिळून १०४ गुणांची भर घालतात. निव्वळ गुणांत ते ना बेरजेत, ना वजाबाकीत. ते मोजलेच जात नाहीत असं मात्र नाही, आणि नवशिका चुकतो तो इथे. २२ काठावरच्यांना वगळून उरलेल्या २८ वरच टक्केवारी काढली, तर १६ म्हणजे ५७ टक्के, १२ म्हणजे ४३ टक्के आणि निव्वळ गुण +१४ येतो. चूक. काठावरचे भागाकाराच्या खाली बसलेलेच असतात. ते आकड्याला वर ढकलत नाहीत, खालीही ओढत नाहीत, पण त्यांच्या संख्येने त्याला शून्याच्या जवळ धरून ठेवतात.

हाच हिशेब दुसऱ्या तऱ्हेनेही समजून घेता येतो, आणि पुढे तो उपयोगी पडेल. प्रत्येक चिठ्ठीवरचा मूळ गुण खोडा. नऊ-दहा असेल तर +१०० लिहा, सात-आठ असेल तर ०, सहा किंवा खाली असेल तर −१००. आता या नव्या आकड्यांची साधी सरासरी काढा. तीच +८ येते. म्हणजे निव्वळ गुण ही सरासरीच आहे, फक्त अकरा पायऱ्यांचा जिना तोडून तीन पायऱ्यांचा केलेला.

जिना तोडला की काय गमतीजमती होतात ते बघा. शून्य देणाऱ्या दोघांना मालकाने नीट बोलावून घेतलं, चूक दुरुस्त केली आणि त्यांनी पुढच्या खेपेला सहा-सहा दिले. सरासरी ७.३२ वरून ७.५६ झाली. निव्वळ गुण? +८. तसूभर हलला नाही, कारण शून्य आणि सहा एकाच खान्यात. उलट, सहा देणारे चौघे जरासे खूश होऊन सातवर आले, तर सरासरी कशीबशी ७.४० होते, पण नावं ठेवणारे १२ चे ८ होऊन निव्वळ गुण एकदम +१६ होतो. तो दुप्पट होतो, आणि तेही चौघांनी प्रत्येकी एकेक गुण वाढवल्यावर. सहा आणि सात यांच्यामध्ये, तसंच आठ आणि नऊ यांच्यामध्ये, या पद्धतीत उंबरा आहे. बाकी ठिकाणी सपाट फरशी.

हे उंबरे इतके वर का बांधले, याचं राइकहेल्डचं कारण सरळ होतं. गुणांची खैरात टाळायची. पाचला ‘बरे’ आणि सहाला ‘चांगले’ म्हणायला लागलं, की प्रत्येक कंपनी स्वतःची पाठ थोपटून घेते. त्याच्या पाहणीत आवर्जून दुसऱ्याला सांगणारे आणि पुन्हा येणारे प्रामुख्याने नऊ-दहावाले निघाले होते, म्हणून रेघ तिथे ओढली.

पण ती रेघ अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांची उत्तरं पाहून ओढलेली आहे. आपल्या चिठ्ठ्या भरणारा माणूस महाराष्ट्राच्या शाळेत घडलेला. त्याच्या डोक्यात दहावीचा निकाल कोरलेला आहे: ३५ ला पास, ४५ ला सेकंड क्लास, ६० ला फर्स्ट क्लास, ७५ च्या पुढे विशेष प्रावीण्य. त्याला दहापैकी सहा म्हणजे फर्स्ट क्लास. तो जेवून तृप्त होऊन, बडीशेप तोंडात टाकत सहावर गोल करतो, आणि हिशेबात त्याची गणना नावं ठेवणाऱ्यांत होते. आठ दिले म्हणजे तर त्याने डिस्टिंक्शन दिलं, आणि आपण त्याला काठावर बसवलं. दहा तो सहसा देतच नाही. भाषेच्या पेपराला पैकीच्या पैकी द्यायचे नसतात, हे ज्या मास्तरांकडून शिकलो तेच आपण पुढे सगळीकडे मास्तर होतो. हातचं राखून गुण देण्याची ही सवय फक्त आपलीच नाही. जपानी माणूस मधल्या आकड्यांकडे झुकतो, हे बाजार-संशोधनात सर्वांना ठाऊक आहे. म्हणून शिवऱ्याच्या हॉटेलाचा +८ घेऊन अमेरिकेतल्या कुठल्या साखळी हॉटेलाच्या +४० शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. तुलना करायचीच तर आपल्याच गेल्या महिन्याशी करावी. चिठ्ठ्या भरणारे तसेच, गुण देण्याची सवय तीच, प्रश्न तोच, म्हणजे निदान चूक तरी दोन्हीकडे सारखीच राहते.

यावर कुणी म्हणेल, मग रेघा खाली आणू. आपल्याकडे सात-आठलाही गोडवे गाणारे धरू. तसं करायला कायद्याने बंदी नाही, पण त्यासाठी पुरावा हवा: आठ देणारे खरंच पुन्हा येतात का, त्यांनी सांगितलं म्हणून कुणी नवीन येतं का. मालकाच्या मनाला लागलं म्हणून उंबरा उतरवला तर ती राइकहेल्डला टाळायची होती तीच खैरात. आणि एकदा रेघ हलवली की मग त्याला निव्वळ गुण म्हणू नये, दुसरं नाव द्यावं. नाहीतर पुढच्या वर्षीचा मॅनेजर जुन्या आणि नव्या आकड्यांची सांगड घालत बसतो.

आता त्या ‘एक’ दिलेल्या चिठ्ठीकडे वळू. चौकट एकवर ठळक गोल. खाली ‘असं का?’ पुढे लिहिलंय: ‘एक नंबर पिठलं.’

हसण्यावारी नेऊ नका. मराठीत ‘एक नंबर’ ही सर्वांत मोठी दाद आहे, आणि ज्याला दिली त्याला ती कळतेच. चौकटींच्या पट्टीवर नुसते आकडे छापले आणि कुठलं टोक चांगलं ते लिहिलं नाही, की कुणीतरी पहिला नंबर देऊन मोकळा होतो. त्या चिठ्ठीमुळे काय झालं ते मोजा. ती दहाची मानली तर गोडवे गाणारे १७, नावं ठेवणारे ११, निव्वळ गुण +१२. पन्नासांत एका चिठ्ठीचं वजन २ गुणांचं, पण ही या टोकाच्या खान्यातून त्या टोकाच्या खान्यात गेली म्हणून चारांचा फरक. असं असलं तरी ती दहाची मानून घेऊ नये. गिऱ्हाइकाच्या मनात दहा होते की नऊ की आठ, हे आपण ठरवणारे कोण? आणि एकदा गुण ‘दुरुस्त’ करायची सवय लागली की तो हात थांबत नाही. अशी चिठ्ठी बाजूला काढावी आणि बाजूला काढली असं वहीत लिहावं. मग १६ वजा ११ म्हणजे ५, भागिले ४९, साधारण +१०. खरा इलाज छापखान्यात आहे: शून्याखाली ‘मुळीच सांगणार नाही’ आणि दहाखाली ‘नक्की सांगेन’ असं छापून घ्यावं. पुढचा हिशेब मी मात्र मूळ ५० चिठ्ठ्यांवरच नेतो, नाहीतर आकडे डोक्यात राहणार नाहीत.

शंभराच्या वर चिठ्ठ्या झाल्या की माणसं त्या संगणकात भरतात. आपल्या पन्नास चिठ्ठ्यांचे गुण बी रकान्यात असतील तर सूत्र असं:

```
=(COUNTIF(B2:B51,">=9")-COUNTIF(B2:B51,"<=6"))/COUNT(B2:B51)*100
```

यातला सापळा कोऱ्या चिठ्ठीचा आहे. गिऱ्हाइकाने गुण दिलेच नसतील तर तो खाना रिकामा ठेवायचा. मग सूत्र त्याला कुठेच धरत नाही. पण आकडे भरणाऱ्या मुलाला रिकामे खाने डोळ्यांत खुपतात. तो तिथे शून्य टाइप करतो. झालं, जो माणूस काहीच बोलला नाही तो सर्वांत मोठा टीकाकार ठरतो. एखाद्या दिवशी शून्यांचा अचानक सुकाळ दिसला आणि त्यातल्या एकाही चिठ्ठीवर कारण लिहिलेलं नसेल, तर आधी स्वयंपाकघराकडे जाऊ नये, त्या मुलाला विचारावं.

पुढच्या महिन्यात मालकाने आणखी ५० चिठ्ठ्या गोळा केल्या आणि निव्वळ गुण +१८ आला. पेढे वाटायचे का?

मघाशी आपण प्रत्येक चिठ्ठीला +१००, ० किंवा −१०० असं केलं होतं. या तीन आकड्यांमध्ये अंतर फार आहे, म्हणून त्यांची सरासरी थोड्या चिठ्ठ्यांवर डळमळते. किती, ते काढता येतं. गोडवे गाणाऱ्यांचा वाटा ०.३२ आणि नावं ठेवणाऱ्यांचा ०.२४, बेरीज ०.५६. त्यातून निव्वळ गुणाचा, म्हणजे ०.०८ चा, वर्ग वजा करा: ०.००६४. उरले ०.५५३६. याचं वर्गमूळ ०.७४४. त्याला चिठ्ठ्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने, म्हणजे ७.०७ ने भागा. आले ०.१०५, म्हणजे साडेदहा गुण. ढोबळ नियम असा, की याच्या दुप्पट इकडे आणि दुप्पट तिकडे एवढी जागा धरायची. म्हणजे आपला +८ हा खरं तर −१३ पासून +२९ पर्यंत कुठेही असू शकतो. त्याच गिऱ्हाइकांमधून दुसरे पन्नास जण थांबले असते तर +१८ काय, −२ सुद्धा आला असता, आणि स्वयंपाकघरात मीठसुद्धा बदललेलं नसतं.

ही जागा दहा-दहा गुणांवर आणायची तर सव्वादोनशेच्या आसपास चिठ्ठ्या लागतात. पाच-पाचवर आणायची तर जवळजवळ नऊशे. अचूकता दुप्पट करायला चिठ्ठ्या चौपट, हा वर्गमुळाचा नियम इथेही सुटत नाही. दर सोमवारी भिंतीवर नवा आकडा लावून वाढप्यांना शाबासकी किंवा शिव्या देणारा मालक बहुधा हवेतल्या धुळीलाच शाबासकी देत असतो.

आणि हाच +८ निरनिराळ्या गर्दीतून येऊ शकतो. शंभरात ५४ गोडवे गाणारे आणि ४६ नावं ठेवणारे, काठावर कुणी नाही: +८. शंभरात ८ गोडवे गाणारे आणि ९२ काठावरचे, नावं ठेवणारा एकही नाही: तोही +८. पहिल्या हॉटेलात रोज भांडणं होत असणार. दुसऱ्यात कुणाला काही आठवतही नसणार. म्हणून जो कुणी फक्त निव्वळ गुण सांगतो त्याच्याकडे तिन्ही टक्केवारी मागाव्यात. दडवायला त्याच्याकडे काही नसेल तर तो देतो.

आमच्या हॉटेलात एका जुन्या वाढप्याने नकळत मोठं काम करून ठेवलं आहे. चिठ्ठी देताना तो कोपऱ्यात पेन्सिलने ‘ग’ किंवा ‘ल’ लिहितो. ‘ग’ म्हणजे स्वतःच्या गाडीने आलेले, ‘ल’ म्हणजे लक्झरीतून उतरलेले. पन्नासांत ‘ग’ ३० आणि ‘ल’ २०. वेगळ्या मोजल्या तर गाडीवाल्यांत गोडवे गाणारे १३, नावं ठेवणारे ४: तीस जणांत निव्वळ ९, म्हणजे +३०. लक्झरीवाल्यांत गोडवे गाणारे ३, नावं ठेवणारे ८: वीस जणांत उणे ५, म्हणजे −२५.

दोघांनी एकाच चुलीवरचं खाल्लं. पण गाडीवाला तिथे थांबला कारण त्याला थांबायचं होतं. लक्झरीवाला थांबला कारण ड्रायव्हरने गाडी आत घेतली. ड्रायव्हर-क्लीनरचं जेवण कुठे होतं यावर ते ठरतं. लक्झरीतल्या प्रवाशाला वीस मिनिटं दिलेली असतात, त्यातली दहा रांगेत जातात, आणि तोंडात घास असताना क्लीनर ‘चला, चला’ करत येतो. शिवाय त्याला विचारलेला प्रश्नच त्याच्या कामाचा नाही. मित्राला ‘अमक्या हॉटेलात थांब’ असं तो सांगेल कसा? मित्रही लक्झरीनेच येणार, आणि थांबायचं कुठे ते ड्रायव्हरच ठरवणार. शिफारस करण्याला जिथे काही अर्थ उरत नाही, तिथे हा प्रश्न विचारून आलेला आकडा रागाचा असतो, शिफारशीचा नसतो.

आता दिवाळीची सुट्टी लागली. लक्झरी वाढल्या, रांगा पाहून गाडीवाले पुढे निघून गेले. त्या आठवड्याच्या पन्नास चिठ्ठ्यांत ‘ग’ १० आणि ‘ल’ ४०. समजा, दोन्ही गटांचं मत अगदी पहिल्यासारखंच आहे. गाडीवाल्यांचे +३० म्हणजे दहा जणांत निव्वळ ३. लक्झरीवाल्यांचे −२५ म्हणजे चाळीस जणांत उणे १०. मिळून उणे ७, भागिले ५०, म्हणजे −१४. महिन्यापूर्वी +८ होता. तीच भाकरी आणि तेच पिठलं, तरी आकडा बावीस गुणांनी कोसळला, कारण चिठ्ठ्या भरणाऱ्यांचं मिश्रण बदललं. कोपऱ्यातलं ते पेन्सिलचं अक्षर नसतं तर मालकाने आचाऱ्याला घरी बसवलं असतं.

आकडा वरही असाच चढतो, आणि तेव्हा कुणी चौकशी करत नाही. वाढप्यांचा बोनस निव्वळ गुणाला बांधला की दोन गोष्टी हटकून होतात. एक, भाकरी करपली म्हणून ज्या टेबलावर कुरकुर झाली तिथे चिठ्ठी पोचतच नाही. दुसरी, चिठ्ठीसोबत विनंती जाते: ‘ताई, दहा द्या बरं का, आमचा पगार यावर आहे.’ ताई भली असते. ती दहा देते, आणि पुढच्या वेळी दुसरीकडे थांबते. हे ओळखायची खूण सोपी आहे. दहावर ढीग, पण ‘असं का?’ची ओळ कोरी. मनापासून दहा देणारा माणूस निदान ‘ठेचा मस्त’ एवढं तरी लिहितो. दुसरी खूण म्हणजे बिलांची संख्या आणि चिठ्ठ्यांची संख्या. तीनशे बिलांमागे शंभर चिठ्ठ्या येत होत्या, त्या साठ झाल्या आणि गुण वाढला, तर उरलेले चाळीस कोण होते याचा शोध घ्यावा.

अभ्यासकांनीही या आकड्याला सोडलेलं नाही. निव्वळ गुणावरून धंद्याची वाढ इतर कुठल्याही मापापेक्षा चांगली सांगता येते, या मूळ दाव्याची तपासणी टिमोथी किनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेतल्या ग्राहक-पाहणीची आकडेवारी घेऊन केली. २००७ मध्ये ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये ती छापून आली. साध्या समाधानाच्या मापापेक्षा निव्वळ गुण सरस असल्याचं त्यांना दिसलं नाही. पुढे २०२१ मध्ये खुद्द राइकहेल्डनेच लिहिलं की कंपन्या हा आकडा मनाला येईल तसा वापरतात आणि फुगवतात. त्यावर उतारा म्हणून त्याने हिशेबाच्या वहीतून निघणारं माप सुचवलं: जुनी गिऱ्हाइकं पुन्हा आल्यामुळे आणि त्यांच्या सांगण्यावरून नवी आल्यामुळे धंदा किती वाढला. म्हणजे ‘सांगाल का?’ ऐवजी ‘सांगितलंत का?’ शिवऱ्याच्या मालकाला हे गल्ल्यावर बसूनही करता येईल. नवीन गिऱ्हाइकाला बिल देताना एवढंच विचारायचं, ‘आमच्याबद्दल कुणी सांगितलं, की फलक पाहून आलात?’ आणि वहीत रेघ मारायची.

मी मालक असतो तर निव्वळ गुण काढून झाल्यावर आधी नावं ठेवणाऱ्यांच्या बारा चिठ्ठ्या वाचल्या असत्या, हे सगळेच करतात. पण मग आठ देणाऱ्यांच्या तेरा काढल्या असत्या. चिडलेल्याचं कारण बहुधा मोठं असतं आणि एका दिवसात निस्तरत नाही: रविवारी दुपारी गर्दी, पार्किंगला जागा नाही, लक्झरीची घाई. आठ देणाऱ्याला जेवण आवडलेलं असतं, नऊपासून त्याला काहीतरी लहानसं अडवतं. आमच्या कागदी हॉटेलात त्या तेरांपैकी पाच चिठ्ठ्यांवर एकच गोष्ट लिहिली आहे, वेगवेगळ्या अक्षरांत: ‘पहिली भाकरी गरम, दुसरी गार.’ चुलीवरून भाकऱ्या टोपलीत पडतात आणि वाढपी एका फेरीत चार टेबलांना पुरतील इतक्या उचलतो, एवढंच त्यामागचं कारण.

वाढप्याच्या फेऱ्या वाढवल्या आणि हे पाच जण आठवरून नऊवर आले तर गोडवे गाणारे २१ होतात, ४२ टक्के, आणि निव्वळ गुण +१८. पण पन्नास चिठ्ठ्यांत +८ आणि +१८ यांत फरक करता येत नाही, हे आपण आत्ताच पाहिलं. तेव्हा फेऱ्या वाढवून काही झालं का, हे मालकाला त्या आकड्यावरून कळायचं नाही. पुढच्या महिन्यात ‘असं का?’च्या ओळींत ‘दुसरी गार’ हे शब्द किती वेळा येतात, ते मोजून कळेल.